तीन पाळ्या, साडेतीन माणसं

गृहनिर्माण सोसायटीच्या सभेत सुरक्षा एजन्सीचं दरपत्रक वाचलं जातं तेव्हा एक ओळ बहुतेकांच्या नजरेतून सुटते. मुख्य गेट, 24 तास, 8 तासांच्या 3 पाळ्या, गार्ड 3. वाचणाऱ्याला वाटतं, बरोबरच आहे. सकाळी एक, दुपारी एक, रात्री एक. दराची घासाघीस होते, ठराव मंजूर होतो आणि चहा येतो. या तिघांना आठवड्याची सुट्टी कधी मिळणार, हे सहसा कोणी विचारत नाही.

कागदावर तीन माणसं आहेत आणि गेट आठवड्याचे सातही दिवस उघडं आहे. म्हणजे तिघांपैकी कोणालाही सुट्टी नाही, किंवा ज्याची सुट्टी असेल त्याची पाळी उरलेल्या दोघांपैकी एकाच्या माथी. तिसरी शक्यता म्हणजे कागदावर नसलेला कोणीतरी चौथा येतो. एजन्सीच्या बोलीत त्याला रिलीव्हर म्हणतात. एका गेटला असा रिलीव्हर किती लागतो, याचं गणित पाचवीतल्या मुलाला जमेल इतकं सोपं आहे. तरीही ते फारसं केलं जात नाही, आणि ते न करण्याची किंमत रात्रपाळीच्या खुर्चीत पेंगणाऱ्या माणसाच्या रूपानं सगळ्यांना दिसत असते.

सुरुवात आठवड्यापासून करावी. आठवड्याचे तास 168. महाराष्ट्राच्या 2017 च्या दुकाने आणि आस्थापना कायद्यानं कामाच्या आठवड्याला 48 तासांची मर्यादा घातली आणि सलग 24 तासांची साप्ताहिक सुट्टी बंधनकारक केली. 168 ला 48 नं भागलं की उत्तर येतं साडेतीन. पाळ्या मोजूनही तेच हाती लागतं. आठवड्याच्या पाळ्या 21, एक माणूस करणार 6, म्हणून पुन्हा साडेतीन. एका जागेवर सतत एक माणूस उभा दिसायचा असेल, तर त्यामागे साडेतीन माणसांचा पगार असावा लागतो. दरपत्रकात तीनच असतील, तर तो अर्धा माणूस कोणाच्या तरी सुट्टीतून काढलेला आहे.

सुरक्षा व्यवसायाला हे चांगलं ठाऊक आहे. माजी सैनिकांच्या एजन्सींसाठी केंद्राचं पुनर्वसन महासंचालनालय जे दर ठरवून देतं, त्यात पगाराच्या एक षष्ठांश इतका रिलीव्हरचा आकार वेगळा धरलेला असतो. सहा दिवस काम, एक दिवस सुट्टी, म्हणून एक षष्ठांश. तीन गार्डांचे तीन षष्ठांश मिळून अर्धा माणूस. ही ओळ दरपत्रकात दिसली नाही, तर दर स्वस्त आहे म्हणून खूश व्हायच्या आधी ती कुठे गेली हे विचारायला हवं.

आता अर्धा माणूस कामावर ठेवायचा कसा? एकच गेट असेल तर चौथा गार्ड आठवड्यातले तीन दिवस तिघांच्या सुट्ट्या भरून काढतो आणि उरलेले तीन दिवस त्याला काम नसतं. दोन गेटं असली की मात्र हिशेब जुळतो. दोन गेटांचे मिळून सहा कायमचे गार्ड, त्यांच्या सहा सुट्ट्या सहा वेगवेगळ्या वारी, आणि सातवा माणूस त्या सहा दिवशी एकेकाची जागा घेतो. सातव्या दिवशी त्याची स्वतःची सुट्टी. 42 पाळ्या, 7 माणसं, प्रत्येकाच्या 6. एजन्सीवाले दोन जवळच्या साइटवर मिळून एक रिलीव्हर फिरवतात, तो याच हिशेबानं.

कागदावर जुळलेलं हे वेळापत्रक प्रत्यक्षात फसतं ते या सातव्या माणसाच्या आठवड्यात. सकाळपाळी 7 ते 3, दुपारपाळी 3 ते 11, रात्रपाळी 11 ते 7 अशी धरू. घाईत सुट्ट्या वाटणारा सुपरवायझर काय करतो? पहिल्या गेटच्या तिघांना सोमवार, मंगळवार, बुधवार देतो आणि दुसऱ्या गेटच्या तिघांना गुरुवार, शुक्रवार, शनिवार. मग रिलीव्हरचा आठवडा होतो सकाळ, दुपार, रात्र आणि पुन्हा सकाळ, दुपार, रात्र. बुधवारची रात्रपाळी संपते गुरुवारी सकाळी 7 वाजता, आणि गुरुवारची सकाळपाळी सुरू होते तीही 7 वाजता. एका गेटवरून निघालेला माणूस घरी न जाता थेट दुसऱ्या गेटवर. सलग सोळा तास. हजेरीपटावर मात्र सगळं नियमात दिसतं, कारण बुधवारची एक सही आहे आणि गुरुवारची एक.

यावर उपाय म्हणजे सुट्ट्या गेटाप्रमाणे न वाटता पाळीप्रमाणे वाटायच्या. दोन्ही गेटांच्या सकाळपाळीवाल्यांना सोमवार आणि मंगळवार, दुपारवाल्यांना बुधवार आणि गुरुवार, रात्रवाल्यांना शुक्रवार आणि शनिवार. मग रिलीव्हर दोन दिवस सकाळी, दोन दिवस दुपारी आणि दोन दिवस रात्री येतो, आणि दोन पाळ्यांमध्ये त्याला किमान सोळा तास मिळतात. तरी एक खोच राहतेच. त्याची शनिवारची रात्रपाळी रविवारी सकाळी 7 ला संपते आणि सोमवारी सकाळी 7 ला पुढचा आठवडा उभा. सुट्टी नेमकी 24 तासांची, तीही जागरणानंतरची, म्हणजे निम्मी झोपेत जाणारी. कायमच्या पाळीवाल्याला एका सुट्टीत 40 तास मिळतात. सकाळपाळीवाला रविवारी दुपारी 3 ला सुटतो तो मंगळवारी सकाळी 7 ला परततो.

क्रम उलटा केला, आधी रात्र, मग दुपार, मग सकाळ, तर रिलीव्हरची सुट्टी 56 तासांची होते. पण मधे दोनदा दोन पाळ्यांमध्ये फक्त आठ तास उरतात. दोन्ही बाजूंचा प्रवास, आंघोळ आणि जेवण वजा केलं की झोपेला चार-पाच तास. दोन्हींपैकी पहिला क्रम बरा, आणि रिलीव्हरचं काम दर महिन्याला आळीपाळीनं सर्वांकडे गेलं तर आणखी बरं. नाहीतर होतं असं की सर्वात नवा, सर्वात गरजू माणूस कायमचा रिलीव्हर बनतो आणि दोन महिन्यांत सोडून जातो.

इथवर हिशेब फक्त साप्ताहिक सुट्टीचा झाला. रजा अजून आलेलीच नाही.

2017 च्याच कायद्यात वर्षाला 8 किरकोळ रजा आहेत, 8 सणांच्या भरपगारी सुट्ट्या आहेत (26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट, 2 ऑक्टोबर आणि ठरवून घेतलेल्या आणखी चार), आणि वर्षात 240 दिवस भरलेल्या कामगाराला दर 20 दिवसांच्या कामामागे एक दिवस अर्जित रजा आहे. 365 मधून 52 साप्ताहिक सुट्ट्या, 8 किरकोळ आणि 8 सणाच्या गेल्या की 297 उरतात. त्यातून साधारण 14 दिवस अर्जित रजेचे जातात. राहिले 283. म्हणजे सगळ्या सुट्ट्या प्रत्यक्ष घेणारा, एकदाही आजारी न पडणारा गार्ड वर्षात 283 पाळ्या करतो.

गेटला मात्र वर्षात 1,095 पाळ्या लागतात. 1,095 भागिले 283 म्हणजे 3.87. आठवड्याच्या गणितातले साडेतीन वर्षाच्या गणितात जवळजवळ चार होतात. एक षष्ठांशाची ती ओळ फक्त साप्ताहिक सुट्टी भागवते. रजा धरल्या की प्रत्येक गार्डामागे 29 टक्के जादा मनुष्यबळ लागतं. सणाच्या सुट्ट्यांबाबत काही एजन्सी म्हणतात की आम्ही त्या दिवशी जादा पैसे देऊन काम करून घेतो, मग माणूस कशाला वाढवायचा? ते चालतं, पण मग तो खर्च बिलात दिसला पाहिजे. माणसातही नाही आणि पैशातही नाही, असं असेल तर 26 जानेवारीला झेंडावंदनाच्या वेळी गेटवर उभा असलेला माणूस ती पाळी फुकट करतो आहे.

आता दोन गेटांच्या सोसायटीचा पूर्ण हिशेब मांडू. वर्षाच्या पाळ्या 2,190. साप्ताहिक सुट्ट्या सांभाळणारे 7 गार्ड आहेतच. पण त्या सातही जणांना प्रत्येकी 30 दिवसांच्या इतर सुट्ट्या आहेत, म्हणजे एकूण 210 पाळ्या अशा की ज्या सातांच्या वेळापत्रकात कोणाच्याच नावावर नाहीत. त्यांच्यासाठी आठवा माणूस. आठ जण मिळून वर्षाला 2,264 पाळ्या देऊ शकतात आणि लागतात 2,190. शिल्लक 74. माणशी नऊ.

या नऊंमध्ये बरंच काही मावायचं आहे. ताप, मुलाचं आजारपण, बंद पडलेली लोकल, प्रशिक्षणाचे दिवस, आणि न सांगता सोडून गेलेला गार्ड. शेवटची गोष्ट सर्वात महाग. खासगी सुरक्षा एजन्सींसाठी 2005 चा केंद्रीय कायदा आहे. त्याखाली केंद्रानं केलेल्या नमुना नियमांत नव्या गार्डासाठी 100 तासांचं वर्गातलं आणि 60 तासांचं प्रत्यक्ष जागेवरचं प्रशिक्षण, किमान 20 कामाच्या दिवसांत, असं सांगितलं आहे. चारित्र्य पडताळणी वेगळी. एक माणूस गेला आणि नियमानं तयार झालेला दुसरा महिन्याभरानं आला, तर 74 पैकी 25-26 पाळ्या तिथेच संपल्या. वर्षात तीन जण सोडून गेले की सगळी शिल्लक संपते आणि ताप कोणाला यायचाच नाही, अशी प्रार्थना करावी लागते. म्हणून आठ हा आकडा चैनीचा नाही. माणसं टिकत असतील तरच तो पुरतो.

सरासरीची आणखी एक फसवणूक आहे. रजा वर्षभर सारखी वाटून कोणी घेत नाही. कोकणातला गार्ड गणपतीला जाणार, बिहारचा छठपूजेला, उत्तर प्रदेशचा होळीला. मे महिन्यात लग्नं सर्वांच्याच गावी. आठ जणांपैकी एक रजेवर असेल तर उरलेले सात आठवड्याला 42 पाळ्या करतात. लागतातही 42. अगदी काठावर, पण भागतं. दोघे एकाच वेळी गेले की 36 पाळ्या हाती आणि 6 कमी. तिघे गेले तर आठवड्याला 12 पाळ्यांचं भगदाड. ते भरायला एजन्सी दुसऱ्या साइटवरून माणूस आणू म्हणते, पण होळी त्या साइटवरही तीच असते. यावर जमणारा मार्ग एकच, रजेचं पत्रक वर्षाच्या सुरुवातीला लावायचं आणि एका वेळी एकच लांब रजा द्यायची. आठ जणांच्या प्रत्येकी दोन आठवड्यांच्या रजा एकापाठोपाठ लावल्या तर सोळा आठवडे होतात, वर्षात सहज बसतात. कोणाला होळी आणि कोणाला छठ, हे भांडण जानेवारीत झालेलं बरं.

इतकं वाचून एखादा खजिनदार म्हणेल, आमच्याकडे ही भानगडच नाही, आमचे दोनच गार्ड आहेत, बारा-बारा तासांचे. महाराष्ट्रातल्या शहरांत ही पद्धत फार रुळली आहे. तिचा हिशेब मांडून पाहावा. दोघांनी मिळून 168 तास म्हणजे प्रत्येकी 84. यात साप्ताहिक सुट्टी नाहीच. 48 च्या वरचे 36 तास दर आठवड्याला ओव्हरटाइम, तीन महिन्यांत 468. 2017 चा कायदा मंजूर झाला तेव्हा त्यात तीन महिन्यांच्या ओव्हरटाइमची मर्यादा 125 तासांची होती. म्हणजे जवळपास चौपट.

पैशाच्या बाजूनं तर हा हिशेब आणखी गमतीचा आहे. ओव्हरटाइमचा दर दुप्पट. एका गार्डाचे 48 तास साध्या दरानं आणि 36 तास दुप्पट दरानं, म्हणजे त्याला 120 तासांचा मोबदला द्यायला हवा. दोघांचा मिळून 240 तासांचा. साडेतीन माणसांना 48 तासांप्रमाणे ठेवलं तर मोबदला 168 तासांचाच होतो. रजेसाठीचे जादा धरून 3.87 माणसं ठेवली तरी 186 तासांच्या आतबाहेर. कायद्यानं पैसे द्यायचे म्हटलं तर दोन माणसांची बारा तासांची व्यवस्था चार माणसांपेक्षा महाग पडते. ती स्वस्त दिसते ती एकाच कारणानं. दुप्पट दर कोणी देत नाही, बारा तासांची ‘एक ड्युटी’ मानली जाते आणि महिन्याच्या तीस ड्युट्यांचा एक ठोक आकडा हातावर ठेवला जातो. गार्डही तो घेतो, कारण आठ तासांच्या पगारात शहरातली खोली आणि गावाकडचं घर दोन्ही चालत नाहीत. त्यामुळे सोसायटीनं एकतर्फी आठ तास लागू केले की तोच माणूस संध्याकाळी शेजारच्या इमारतीत दुसरी ड्युटी धरतो आणि झोपायला इकडे येतो. माणसांचा आकडा आणि पगाराचा आकडा एकत्र बदलावे लागतात, हे इथे कळतं.

आपल्या गेटवर प्रत्यक्षात किती माणसं आहेत, हे तपासायला फार हुशारी लागत नाही. महिन्याचा हजेरीपट मागवायचा आणि त्यावरची वेगळी नावं मोजायची. दोन गेटं, तीन पाळ्या, 30 दिवस म्हणजे 180 ड्युट्या. एका माणसाच्या महिन्याला फार तर 26. म्हणून सातपेक्षा कमी नावं असतील, तर कोणाची तरी सुट्टी गेली आहे. पाचच नावं असतील, तर सरासरी माणशी 36 ड्युट्या पडतात, आणि महिन्यात दिवस तर तीसच असतात. बाकीच्या सहा ‘डबल’ मारलेल्या. पुढची पायरी म्हणजे एकेक नाव घेऊन आडव्या रांगेत बोट फिरवायचं. सलग सात चौकोन भरलेले दिसले की तिथे थांबायचं. मग रात्रपाळीचं पान आणि दुसऱ्या दिवशीच्या सकाळपाळीचं पान शेजारी ठेवून एकच नाव दोन्हीकडे आहे का ते पाहायचं. आणि सगळ्या सह्या एकाच पेनानं, एकाच वळणाच्या असतील, तर तो पट महिनाअखेरीला बसून भरलेला आहे. अशा पटात नावं सात काय, दहाही सापडतील. त्या वेळी हजेरीपट बाजूला ठेवून येणाऱ्या-जाणाऱ्यांची नोंदवही उघडावी. तिथलं अक्षर ज्याचं, ड्युटी त्याची.

माणसं आठ लागतात म्हटल्यावर सभेत खर्चाचा प्रश्न येणारच, आणि तो रास्त आहे. खर्च कमी करायचा तर माणसांच्या सुट्ट्यांना हात न लावता गेटाच्या तासांकडे पाहावं. मागचं गेट रात्री 11 ते सकाळी 7 उघडं ठेवायची खरंच गरज आहे का? तिथून रात्री किती गाड्या जातात, हे नोंदवहीच सांगते. ते रात्री बंद ठेवलं तर त्याच्या वर्षाच्या पाळ्या 1,095 वरून 730 वर येतात आणि दोन्ही गेटांच्या मिळून 1,825 होतात. त्याला 283 नं भागलं की 6.45. आठऐवजी सात गार्डांत भागतं, आणि सातांच्या 1,981 पाळ्यांतून 156 शिल्लक राहतात, म्हणजे आधीच्या दुपटीहून जास्त. फक्त बंद गेटाला चांगलं कुलूप, त्याची किल्ली मुख्य गेटच्या गार्डाकडे आणि आग लागली तर ते कोण उघडणार याची लेखी सूचना, एवढं आधी करून घ्यावं लागतं.

एजन्सीशी करार करताना ‘गार्ड 7’ असं लिहून सोडू नये. कोणतं गेट, किती ते किती, आठवड्याला किती पाळ्या, एका माणसाच्या जास्तीत जास्त किती, दोन पाळ्यांमध्ये किती तासांचं अंतर, रिलीव्हरचा आणि रजेचा खर्च दरात धरला आहे की नाही, हे लिहून घ्यावं. बिल पाळ्यांवर निघावं आणि त्याला नावनिशीवार हजेरीपट जोडलेला असावा. मग पुढच्या सभेत तीन एजन्सींची दरपत्रकं समोर ठेवल्यावर सर्वात कमी दरवाल्यानं अर्धा माणूस कुठे लपवला आहे, हे सभासदांना बसल्या जागी काढता येतं.